खांडा की तलवार: बळ, चपळाई, बुद्धीच्या हिशेबाच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५, जळगाव

आम्ही बनवतोय त्या संगणकावरच्या खेळाचं चालणं-मारणं आता बरं जमलंय. लळिंगच्या किल्ल्याचा पहिला भाग धुळ्याच्या मित्राने काढून पाठवला. पायथ्याचा महामार्ग त्याने गाळलाय, नाहीतर त्या काळात ट्रक कुठून आले असं कोणीतरी विचारलंच असतं. आता शस्त्रांचे आकडे ठरवायचे.

गुण तीनच ठेवतोय: बळ, चपळाई, बुद्धी. जीव वेगळा. सगळ्यांची सुरुवात १० पासून आणि पुढे प्रत्येक पातळीला एक गुण, जिथे लावायचा तिथे लावा. शस्त्राला तीन गोष्टी असतील. मूळ मार, स्केलिंग (म्हणजे कुठला गुण वाढला की मार किती वाढतो) आणि अट (कुठला गुण किमान किती हवा). मार काढायचा तो असा: मूळ मार × (१ + स्केलिंग × गुणाचा वाटा).

गुणाचा वाटा सरळ रेषेत वाढवायचा नाही, हे पहिल्यापासून पक्कं आहे. सरळ रेषा ठेवली की सगळे गुण एकाच ठिकाणी ओतणं हाच एकमेव शहाणपणा उरतो आणि बिल्ड, म्हणजे गुण कुठे किती लावायचे याची निवड, ही गोष्टच संपते. एल्डन रिंग या खेळात साध्या शस्त्रांच्या शारीरिक माराची वक्ररेषा १८, ६० आणि ८० ला वळते. १८ पर्यंत पंचवीस टक्के, ६० पर्यंत पंचाहत्तर, ८० पर्यंत नव्वद. आपला खेळ लहान, म्हणून ६० आणि ८० ची वळणं अलीकडे, ४० आणि ६० वर आणली.

```gdscript
func vata(x):
    if x <= 20: return (x - 10) * 0.02
    if x <= 40: return 0.20 + (x - 20) * 0.025
    if x <= 60: return 0.70 + (x - 40) * 0.01
    return min(1.0, 0.90 + (x - 60) * 0.005)
```

म्हणजे २० ते ४० या पट्ट्यात गुणाला सर्वांत जास्त मोल. ४० नंतर तेच मोल निम्म्याहून खाली येतं, ६० नंतर आणखी निम्मं. ८० नंतर काहीच नाही.

६ मार्च

आज दोनच शस्त्रं मांडली. मारण्याचा वेग मुद्दाम दोघांना सारखा ठेवलाय. वेग त्यात घातला की अटीचा परिणाम कुठला आणि वेगाचा कुठला हे कळत नाही.

खांडा: मूळ मार १४०, स्केलिंग फक्त बळावर, ०.९. अट बळ २८, चपळाई १२.

तलवार: मूळ मार १२०, स्केलिंग बळावर ०.८५ आणि चपळाईवरही ०.८५. अट दोन्ही १४.

नुसतं वाचलं तर तलवार सरस वाटते. दोन गुणांवर वाढते, अट हलकी. भाच्याला भुसावळला फोन करून विचारलं, कुठलं घेशील? तो म्हणाला, "मामा, तलवार. खांडाले अठ्ठावीस बळ कोन देस?" अट म्हणजे दंड, असं त्याच्या डोक्यात बसलंय, आणि बहुतेक खेळणाऱ्यांच्या डोक्यात हेच असतं.

पण खांड्याच्या बाबतीत हे खरं नाही. अठ्ठावीस बळासाठी १८ गुण जातात, ते अट भागवून वाया जात नाहीत. त्याच बळावर खांडा वाढतो. अट पुरी झाली तेव्हा बळाचा वाटा ४० टक्के झालेला असतो आणि मार १९० वर गेलेला असतो. खरा दंड फक्त चपळाईच्या दोन गुणांचा, कारण खांड्याला चपळाईचा काही उपयोग नाही. अट वाचताना दोन भाग करायचे: जो गुण शस्त्राला वाढवतो त्याची अट, आणि जो वाढवत नाही त्याची. पहिली भरली की मार वाढतो. दुसरी निव्वळ खर्च.

डायब्लो २ खेळलेल्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं. तिथे बळ अंगावरच्या सामानाला पुरेल इतकंच घ्यायचं आणि उरलेलं सगळं जीवावर टाकायचं, असा रिवाजच होता. तिथल्या बऱ्याच बिल्डना बळाचा मार म्हणून फारसा उपयोग नव्हता, त्यांच्यासाठी ती निव्वळ दुसऱ्या प्रकारची अट.

९ मार्च

लहानशी स्क्रिप्ट लिहिली. हातात अमुक इतके गुण असतील तर ते बळ आणि चपळाईत जितक्या प्रकारे वाटता येतील तितक्या सगळ्या प्रकारे वाटायचे आणि प्रत्येक शस्त्राचा सर्वांत जास्त मार छापायचा. डोकं लावण्यापेक्षा सगळं मोजून पाहणं सोपं. शंभराच्या आतले आकडे आहेत, संगणकाला कसला त्रास?

१९ गुणांना तलवार १६१. खांडा अजून उचलता येत नाही.

२० गुणांना खांडा १९०. एका गुणात २९ ची उडी.

३० गुणांना खांडा २२२, तलवार बरीच मागे.

मग फरक कमी व्हायला लागतो. खांड्याचं बळ ४० च्या पुढे गेलं की एक गुण सव्वाचाच मार देतो, ६० च्या पुढे तर एकालाही पोचत नाही. तलवारीकडे मात्र दुसरा रस्ता आहे. बळ ४० ला नेऊन थांबायचं आणि चपळाई वाढवायला घ्यायची, तिथे प्रत्येक गुणाला दोन ते अडीच मार अजून मिळत असतो. ५७ गुणांना खांडा २५७ आणि तलवार २५५. ५८ गुणांना दोघांचेही २५७ च्या वर, पण तलवार पुढे: २५७.७ ला २५७.२. तिथून पुढे खांडा तिला गाठत नाही.

तर "सर्वांत चांगलं शस्त्र कुठलं" याला उत्तर नाही. "किती गुणांना" हे जोडलं की उत्तर आहे. १९ पर्यंत तलवार, २० ते ५७ खांडा, ५८ पासून परत तलवार. दोन गुणांवर वाढणारं शस्त्र मधल्या टप्प्यात भिकार आणि शेवटी राजा असतं, कारण त्याचा फायदा पहिली वक्ररेषा सपाट झाल्यावरच दिसतो. लवकर संपणाऱ्या खेळात असलं शस्त्र कोणी घेऊ नये. आमचा खेळ साधारण ४५ गुणांना संपेल असा अंदाज आहे. म्हणजे आत्ताच्या आकड्यांत तलवारीचं राज्य येण्याआधीच खेळ संपतो! याकडे परत यायला हवं.

१५ मार्च

अट पुरी नसेल तर काय करायचं? दोन पद्धती दिसतात. डायब्लोसारखं शस्त्र हातातच घेऊ द्यायचं नाही, किंवा एल्डन रिंगसारखं घेऊ द्यायचं पण मार कापायचा. तिथे अट अपुरी असली की त्या प्रकारच्या मूळ मारातून चाळीस टक्के जातात आणि स्केलिंग मिळत नाही.

दुसरी पद्धत मला आवडते. किल्ल्यात खांडा सापडला की माणूस तो फिरवून बघणारच, बघू दे. पण कडा उभा होतो. बळ २७ असताना खांडा ८४ मारतो, २८ झालं की १९०. भाच्याने खेळून बघितलं आणि लगेच म्हणाला, "एक गुण कमी पडना तं खांडा इतला मरी जास का?"

प्रश्न बरोबर आहे. म्हणून कपात टप्प्याने केली: कमी पडलेल्या दर गुणामागे सहा टक्के, जास्तीत जास्त चाळीस. स्केलिंग मात्र अट पुरी होईपर्यंत शून्यच. आता २७ बळाला खांडा १३२ मारतो. १९ गुणांची तलवार १६१ मारते, म्हणजे अट मोडून खांडा वापरणं अजूनही तोट्याचंच, फक्त हास्यास्पद राहिलेलं नाही. एवढं जमलं की कपातीचं प्रमाण बरोबर आहे असं समजावं. अट मोडूनही शस्त्र पहिला नंबर मारायला लागलं, तर ती अट नुसती शोभेला उरली.

असा कडा शोधायला स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाकली. एका गुणाने मार दहाच्या वर उडाला की ती ओळ तांबडी छापायची. वक्ररेषेमुळे सर्वांत मोठी वाढ खांड्याला सव्वातीनच्या आत होते, त्यामुळे दहाच्या वर काही दिसलं की ते अटीचंच काम.

२२ मार्च

धुळ्याच्या मित्राने खांड्याचं चित्र पाठवलं. मुठीच्या मागे लांब अणकुचीदार दांडा काढलाय. म्हटलं हे काय? तो म्हणाला, "अरे, बऱ्याच जुन्या खांड्यांना असतो. दोन्ही हातांनी घाव घालायचा असला की दुसरा हात तिथे." बरोबर आहे. आणि तलवारीच्या मुठीमागे तबकडी असते, मूठ एका हातापुरतीच, दुसरा हात मावत नाही. दांडपट्ट्यात तर हात कोपरापर्यंत लोखंडी मोज्यात अडकलेला, तिथे दुसऱ्या हाताचा प्रश्नच नाही.

हे सरळ नियमात घेतलं. खांडा दोन हातांनी धरता येईल, तलवार आणि पट्टा नाही. दोन हातांनी धरलं की बळ दीडपट धरायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा. दीडपटीचा नियम एल्डन रिंगमध्येही आहे आणि तिथेही तो अटीला लागू होतो. नियम एका ओळीचा, पण त्याने सगळा तक्ता हलला.

अट बळ २८. दीडपट करून २८ व्हायला खरं बळ १९ पुरतं (१८ ची दीडपट २७, एकाने हुकते). म्हणजे खांडा २० ऐवजी ११ गुणांतच हातात येतो, आणि आला की लगेच १९० मारतो, कारण स्केलिंगसुद्धा दीडपट बळावर. ११ गुणांची तलवार १४२.

पुढे खरं बळ ४० केलं की हिशेबाचं बळ ६०. म्हणजे ३२ गुणांत मार २५३. एवढा मार तलवारीला मिळवायचा तर ५७ गुण लागतात. उरलेले पंचवीस गुण खांडेवाला जीवावर टाकेल.

आणि तरीही शेवट ठरलेला आहे. खरं बळ ५४ ला हिशेबाचं ८१ होतं, वक्ररेषा संपते. ४६ गुणांना २६६ वर खांडा थांबतो, पुढचा गुण शून्य. तलवार ६४ गुणांना २६७ च्या जवळ जाऊन पुढे निघते. दोन हातांचा फायदा म्हणजे शेवट लवकर गाठणं, शेवट उंच करणं नव्हे. हे लक्षात न घेता लोक बळ ६०-७० पर्यंत नेत बसतात आणि मार का वाढत नाही म्हणून विचारतात. दोन हातांनी खेळायचं ठरलं असेल तर ५४ ला थांबावं, आणि खरं सांगायचं तर ४० लाच.

किंमत काय? ढाल. दोन्ही हात खांड्यावर असताना ढाल नाही. म्हणून ढाल आत्ता आहे त्यापेक्षा कामाची हवी, नाहीतर ही किंमत कागदावरच राहील. मित्राला ढालीची जास्त चित्रं मागितली. तो म्हणतो आधी पुरणपोळी खाऊ घाल.

३० मार्च

पट्ट्याचे आकडे मांडले. चपळाईला दीडपट कुठेच मिळत नाही, त्यामुळे फक्त चपळाईचं शस्त्र बळाच्या शस्त्राशी समान आकड्यांवर ठेवलं तर ते हरतंच. उपाय दोन: अट कमी करा किंवा वेग वाढवा. वेग अजून बंद ठेवलाय, म्हणून सध्या अट कमी: बळ १२, चपळाई २०. पुढचं वेग आल्यावर.

५ एप्रिल

उन्हाने लॅपटॉपचा पंखा सारखा ओरडतोय. दुपारी काम बंद, संध्याकाळी गच्चीवर.

बुद्धीचं शस्त्र आलं: मंत्रखड्ग. शारीरिक मूळ मार ८०, चपळाईवर स्केलिंग ०.५. मंत्राचा मूळ मार ९०, बुद्धीवर स्केलिंग १.३. अट बळ १२, चपळाई १४, बुद्धी २२. ६ मार्चच्या नोंदीतल्या वाटणीप्रमाणे बळाचे दोन गुण निव्वळ खर्च, बाकी सगळे कुठे ना कुठे लागू पडतात.

५८ गुणांची सर्वांत चांगली वाटणी स्क्रिप्टने काढली: बळ १२, चपळाई १६, बुद्धी ६०. मंत्राचे १९५, शारीरिक ८५, बेरीज २८०. त्याच गुणांना तलवार २५८. भाचीने खेळायला घेतलं, तिला पहिल्यापासून बुद्धीचंच पात्र हवं होतं. रात्री तिचा फोन: "मामा, स्क्रीनवर दोनशेऐंशी लिहिलंय, पण दादाच्या तलवारीला शत्रू लवकर मरतो. आकडा खोटा आहे का?"

आकडा खरा आहे. पण शत्रूच्या बचावासमोर दोन तुकड्यांचा मार दोनदा छाटला जातो. आमच्याकडे लागलेला मार असा निघतो: मार × मार ÷ (मार + बचाव), आणि हे प्रत्येक प्रकाराला वेगवेगळं. किल्ल्यातल्या पहारेकऱ्याचा बचाव दोन्हीकडे १०० आहे.

तलवार: २५८ चा एक घाव, लागतात १८६.

मंत्रखड्ग: १९५ मधून लागतात १२९, आणि ८५ मधून फक्त ३९. बेरीज १६८.

मोठ्या आकड्यातून बचाव जे कापतो त्याचं प्रमाण कमी असतं, लहान आकड्यातून जास्त. ८५ चा तुकडा निम्म्याहून अधिक गेला. हे सूत्र आमचं, पण जिथे जिथे बचाव प्रत्येक प्रकारासाठी वेगळा मोजतात आणि लहान मारातून जास्त प्रमाणात कापतात तिथे मिश्र माराची हीच गत होते. म्हणून स्क्रीनवरच्या बेरजेवर शस्त्र निवडू नये, एकाच प्रकारचा मार आहे की दोन, हे आधी बघावं.

तरी मंत्रखड्ग वाया गेलेलं नाही. शत्रूचा मंत्राचा बचाव २० असेल तर तेच खड्ग २१६ लावतं आणि तलवारीला मागे टाकतं. ६४ च्या आसपास दोघं बरोबरीत येतात. म्हणजे बुद्धीच्या पात्राचं भवितव्य मी शत्रूंना मंत्राचा बचाव किती देतो यावर ठरणार. सगळ्या शत्रूंना दोन्ही बचाव १०० देऊन ठेवले होते ते आता वेगळे करतोय: चिलखतवाल्या पहारेकऱ्यांना शारीरिक १००, मंत्राचा ४०. तळघरातल्या भुतांना उलट.

भाचीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग मी तळघरात जाणारच नाही." जावं लागेल, किल्ली तिथे ठेवलीय.

१२ एप्रिल

कडं घातलं खेळात. अंगावर असेपर्यंत बळ पाचने वाढतं. अटीच्या दृष्टीने ही छोटी वस्तू फार मोठी. आधी पाच जोडायचे आणि मग दीडपट, असा क्रम ठेवला, तर खरं बळ १४ ला दोन हातांनी खांडा उचलता येतो. चपळाईचे दोन धरून एकूण सहाच गुण. क्रम उलटा केला, दीडपट करून मग पाच जोडले, तर खरं बळ १६ लागतं. भाच्याने विचारलं, कुठला खरा? ठरवणारे आपणच, पण पहिला क्रम समजायला सोपा, पडद्यावर दिसतं तेवढं बळ आणि त्याची दीडपट. तोच ठेवला.

गंमत अशी की कड्याचा खरा उपयोग फक्त अटीच्या काठावर आहे. बळ ६० च्या वर असलेल्याला ते एका हाताच्या खांड्यावर तीनच्या आसपास मार देतं. ११ गुणांना पोचायला पाच कमी असलेल्याला तेच कडं जवळजवळ अर्धा खेळ देतं. म्हणून ते पहिल्या बुरुजावर होतं तिथून काढून दुसऱ्या तटाच्या आत टाकलं. पहिल्याच बुरुजावर १९० चा खांडा हातात आला तर पुढच्या तासाभरात कोणीही दुसरं शस्त्र उचलणार नाही.

हातात खांडा असताना कडं काढलं तर खांडा हातातच राहील, मार मात्र त्याच क्षणी कापला जाईल. पडद्यावर आकडा तांबडा होऊन किती गुण कमी आहेत ते दिसेल.

१९ एप्रिल

९ मार्चचा राहिलेला प्रश्न. खेळ ४५ गुणांच्या आसपास संपतो आणि तलवारीचं राज्य ५८ किंवा ६४ ला येतं. तीन पर्याय होते. खेळ लांबवणं (चित्रकार मला मारेल), तलवारीचं स्केलिंग वाढवणं, किंवा वक्ररेषेचं दुसरं वळण अलीकडे आणणं.

स्केलिंग वाढवून पाहिलं. ०.८५ चं १.० केलं तर एका हाताच्या खांड्याशी गाठ ४६ ला पडते. अजूनही उशीरच. त्याहून वाढवलं की सुरुवातीलाही तलवार जड होते आणि खांड्याची मधली जागा खाऊन टाकते.

मग वळण हलवलं: ४० ऐवजी ३२ ला, आणि २० ते ३२ मध्ये वाटा तेवढाच म्हणजे सत्तर टक्क्यांपर्यंत. ३२ ते ६० मध्ये उरलेले वीस. तलवारीचं स्केलिंग परत ०.८५. आता ४४ गुणांत तलवारीचं बळ ३२, चपळाई ३२ होतं आणि मार २६३. तेवढ्याच गुणांत एका हाताच्या खांड्याचं बळ ५२, मार २४६. तलवार खेळाच्या शेवटच्या टप्प्यात खरंच पुढे येते. दोन हातांचा खांडा अजून तिच्या किंचित वर आहे, पण तो ढाल सोडून. ही तडजोड मला पटते.

उद्या: नव्या वक्ररेषेवर मंत्रखड्गाची वाटणी परत काढणे, पहारेकऱ्यांचे बचाव तपासणे, शस्त्राच्या चौकटीत अटीचे दोन रंग देणे. ज्या गुणावर शस्त्र वाढतं त्याची अट हिरवी, निव्वळ खर्चाची करडी. भाचा म्हणतो हिरवा आणि करडा अंधारात सारखेच दिसतात. पिवळा करून बघू.